शेऱ्याला उत्तर लिहिताना

अप्रेझलच्या पोर्टलवर मॅनेजरच्या शेऱ्याखाली एक रिकामी चौकट असते. तिच्यावर बहुतेक ठिकाणी ‘एम्प्लॉयी कमेंट्स’ असं लिहिलेलं असतं आणि वर्षातले अकरा महिने तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. मग रेटिंग जाहीर होतं, अपेक्षेपेक्षा एक पायरी खाली येतं, आणि त्याच रात्री त्या चौकटीत भराभर ओळी उमटू लागतात. रागाच्या भरात लिहिलेल्या त्या ओळी पुढे कितीतरी वर्षं माणसाच्या फायलीत राहतात. नवा मॅनेजर आला की त्याही वाचल्या जातात, बढतीचा विषय निघाला की त्याही उघडल्या जातात.

म्हणून ही चौकट जरा जवळून पाहायला हवी. समजा, पुण्यात हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आठ वर्षं अनुभवाचा एक टीम लीड आहे. त्याच्या हाताखाली पाच जण आहेत, त्यातले दोघं अगदी नवखे. वर्षाच्या शेवटी मॅनेजरनं त्याच्याबद्दल तीन वाक्यं लिहिली: “कामातल्या अडचणी वेळेत कळवत नाही, शेवटच्या क्षणी कळतात. ज्युनियर्सना पुरेसा वेळ देत नाही. ओनरशिप वाढवण्याची गरज आहे.” पाचपैकी चार मिळतील अशी त्याची अपेक्षा होती, मिळाले तीन.

त्यानं लिहिलेला पहिला मसुदा असा होता. (अशी उत्तरं प्रत्यक्षात बहुधा इंग्रजीत लिहिली जातात, इथे त्याचं म्हणणं मराठीत दिलं आहे.)

“हा अभिप्राय मला मान्य नाही. फेब्रुवारीचं रिलीज माझ्यामुळे लांबलं नाही. क्लायंटनं तीन वेळा मागण्या बदलल्या, टेस्टिंग टीमनं एन्व्हायर्न्मेंट वेळेवर दिलं नाही. मी अडचणी कळवत नाही हे साफ खोटं आहे, मी त्या स्टँड-अपमध्ये सांगितल्या होत्या. शनिवार-रविवार येऊन काम केलं त्याची कुठेच नोंद नाही. ज्युनियर्सना इतर लीड्स तरी कुठे वेळ देतात? त्यांचं रेटिंग मात्र चांगलं आहे. मेहनतीची किंमत नसेल तर यापुढे मी सांगितलं तेवढंच काम करीन.”

यात एकही गोष्ट बनवून लिहिलेली नाही. मागण्या खरंच बदलल्या होत्या, शनिवारी तो खरंच ऑफिसात होता. तरीही मॅनेजर हे वाचतो तेव्हा त्याच्या मनात एवढंच उरतं की या माणसाला काही सांगण्यात अर्थ नाही. कारण उत्तर ज्या मुद्द्याला आहे, तो मुद्दा शेऱ्यात नाहीच. रिलीज लांबलं, असं मॅनेजरनं कुठेही लिहिलेलं नाही. लांबणार हे उशिरा कळलं, असं लिहिलं आहे. टीम लीडनं वाचताना त्यात एक वेगळा, जास्त बोचणारा आरोप वाचला आणि त्या न केलेल्या आरोपाचं जोरदार खंडन केलं.

असं वाचणं हा काही त्या एकट्याचा स्वभावदोष नाही. 1960च्या दशकात अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत हर्बर्ट मायर, इमॅन्युएल के आणि जॉन फ्रेंच या अभ्यासकांनी 92 कर्मचाऱ्यांच्या अप्रेझलच्या मुलाखती तपासल्या. मुलाखत चालू असताना निरीक्षक तिथेच बसून नोंदी घेत होते. 1965 साली हा अभ्यास ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये छापून आला. एका मुलाखतीत मॅनेजरनं सरासरी 13 उणिवा काढल्या होत्या आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक उणिवांवर कर्मचाऱ्यानं बचावाचा पवित्रा घेतला होता. चूक नाकारणं, दुसऱ्याकडे बोट दाखवणं, सबब सांगणं, असे त्याचे नेहमीचे प्रकार. टीकेला दिलेलं विधायक म्हणावं असं उत्तर एका मुलाखतीत सरासरी एकदासुद्धा ऐकू आलं नाही. आणि ज्यांच्यावर जास्त टीका झाली, त्यांची कामगिरी पुढच्या काही आठवड्यांत सुधारण्याऐवजी मागे पडली.

पुढे 1996 साली अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी अशा प्रकारच्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली. अभिप्रायामुळे काम सरासरीनं सुधारतं, हे त्यांना दिसलं. पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी ते उलट बिघडलं होतं. त्यांनी लावलेला अर्थ इथे फार उपयोगी पडतो. अभिप्राय वाचताना माणसाचं लक्ष हातातल्या कामावर राहिलं, तर तो काहीतरी बदलतो. तेच लक्ष ‘मी कसा आहे’ याकडे वळलं, की कामाकडे द्यायची सगळी शक्ती स्वतःची बाजू सावरण्यात जाते. ‘ओनरशिप वाढवण्याची गरज आहे’ हे वाक्य नेमकं तिकडे ढकलतं. त्यात काम कुठलंच नाही, फक्त माणूस आहे.

तेव्हा पहिल्या मसुद्याचं करायचं काय? सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे तो खोडून टाका, शांत व्हा आणि नम्र भाषेत पुन्हा लिहा. हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. मसुदा पोर्टलवर ठेवू नये हे खरं. तो कंपनीच्या सिस्टीममध्ये न लिहिता स्वतःच्या वहीत लिहावा, कारण काही पोर्टल्स अर्धवट मजकूरही आपोआप साठवतात. पण फेकून मात्र देऊ नये. चिडलेला माणूस खूप बारकाईनं आठवतो. त्या सहा-सात ओळींत तारखा, नावं, अडथळे असा कच्चा माल भरलेला असतो, आणि चांगलं उत्तर त्याच मालातून तयार होतं. नुसती भाषा मवाळ केली, तर तोच बचाव साखरेत घोळून पुढे जातो. “आपल्या अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक धन्यवाद, तथापि मी नम्रपणे नमूद करू इच्छितो की...” असं वाचताना ‘तथापि’पर्यंत येताच मॅनेजरला पुढचं सगळं कळतं.

आधी थोडी उसंत मिळवायला हवी. बैठकीतच उत्तर द्यायचं बंधन कुठेही नसतं. “हे मुद्दे मला नीट समजून घ्यायचे आहेत. माझ्या नोंदी पाहतो आणि गुरुवारी अर्धा तास भेटूया का?” एवढं म्हटलं तरी पुरतं. पोर्टलवरच्या ‘अ‍ॅक्नॉलेज’च्या बटणाची भीतीही अनेकांना वाटते. बऱ्याच कंपन्यांत त्याचा अर्थ ‘मी वाचलं’ एवढाच असतो, ‘मला मान्य आहे’ असा नसतो. पण बटणाच्या आसपास बारीक अक्षरांत काय लिहिलं आहे ते वाचून घ्यावं आणि मुदत कधी संपते तेही पाहून ठेवावं.

मग मसुद्यातलं एकेक वाक्य घेऊन त्याला एकच प्रश्न विचारायचा: हे शेऱ्यातल्या कुठल्या वाक्याला उत्तर आहे? टीम लीडचा मसुदा या चाळणीतून काढला की शनिवार-रविवारचं वाक्य कुठेच बसत नाही. ते खरं आहे, त्याची दखल घेतली गेली नाही ही खंतही रास्त आहे, पण शेऱ्यातल्या तिन्ही वाक्यांशी त्याचा संबंध नाही. त्याची जागा सेल्फ-अप्रेझलमध्ये होती, आणि तिथे ते लिहायचं राहून गेलं असेल तर वेगळं बोलून मांडता येईल. इतर लीड्सचं रेटिंग त्याला ऐकीव माहितीवरून ठाऊक आहे, त्यामुळे तेही वगळायचं. तुलना आली की बोलणं सरळ ‘त्यांच्या’वर जातं आणि मॅनेजरला त्यावर काही बोलता येत नाही. शेवटचं ‘सांगितलं तेवढंच करीन’ हे वाक्य सर्वांत महाग पडतं. ओनरशिप कमी आहे म्हणणाऱ्या माणसाच्या हातात दिलेला तो लेखी पुरावाच.

उरलं ते तपासून पाहायचं, आणि हेच काम खरं वेळखाऊ आहे. टीम लीड जिरा उघडतो, मेल चाळतो, दर शुक्रवारी पाठवलेले स्टेटस रिपोर्ट काढतो. रिलीज 20 फेब्रुवारीला होतं, झालं 6 मार्चला. म्हणजे कामाचे दहा दिवस गेले. टेस्टिंगचं एन्व्हायर्न्मेंट 2 फेब्रुवारीला मिळणार होतं, मिळालं 10 तारखेला; सहा दिवस तिथे गेले. क्लायंटच्या तीन बदलांपैकी दोन जानेवारीतलेच होते आणि त्यांच्यासाठी तारीख आधीच वाढवून घेतलेली होती, तेव्हा ते आता सांगण्यात अर्थ नाही. तिसरा बदल 9 फेब्रुवारीला आला आणि त्यानं चार दिवस खाल्ले. सहा आणि चार, दहा. हिशेब जुळला. उशीर झाला तो त्याच्यामुळे नव्हता, हे त्याचं म्हणणं कागदोपत्री खरं निघतं.

पण त्याच नोंदींत आणखी काही सापडतं. एन्व्हायर्न्मेंट मिळालेलं नाही हे त्यानं 4 फेब्रुवारीच्या स्टँड-अपमध्ये सांगितलं होतं खरं. मात्र त्या रोजच्या बैठकीला मॅनेजर येत नाही, हे त्यालाही माहीत होतं. मॅनेजर वाचतो तो शुक्रवारचा रिपोर्ट. 6 आणि 13 फेब्रुवारीच्या रिपोर्टमध्ये प्रकल्पापुढे हिरवा रंग आहे. ‘कसंही करून भरून काढू’ या आशेवर त्यानं तो हिरवाच ठेवला होता. तारीख पाळता येणार नाही, असा स्पष्ट मेल गेला 18 तारखेला, रिलीजच्या दोन दिवस आधी. तोवर मॅनेजर क्लायंटला ‘सगळं वेळेवर आहे’ असं सांगत होता.

शेऱ्यातलं पहिलं वाक्य आता वेगळंच दिसू लागतं. ते खरं आहे, आणि त्याचबरोबर टीम लीडचा निम्मा बचावही खरा आहे. एकानं उशिराबद्दल बोलायचं आणि दुसऱ्यानं कळवण्याबद्दल, असे दोन वेगळे विषय या अप्रेझलमध्ये एकमेकांवर आदळत होते. डग्लस स्टोन आणि शीला हीन हे हार्वर्डच्या वाटाघाटीविषयक प्रकल्पातले अभ्यासक. त्यांनी 2014 सालच्या आपल्या पुस्तकात हाच घोळ विस्तारानं मांडला आहे. टीका ऐकून माणूस तीन कारणांनी पेटतो, असं त्यांचं म्हणणं: मजकूर चुकीचा वाटतो म्हणून, सांगणाऱ्याशी असलेलं नातं दुखतं म्हणून, किंवा स्वतःबद्दलच्या प्रतिमेला धक्का बसतो म्हणून. टीम लीडच्या मसुद्यात तिन्ही एकत्र होती. ‘साफ खोटं’ हे पहिलं, ‘त्यांचं रेटिंग मात्र चांगलं’ हे दुसरं, ‘मेहनतीची किंमत नाही’ हे तिसरं. नोंदी तपासून यातल्या फक्त पहिल्याचा निकाल लागतो. उरलेली दोन तपासण्याजोगी नसतात. ती कुणा जवळच्या माणसापाशी बोलून मोकळी करावीत, पण त्या चौकटीत आणू नयेत.

दुसऱ्या आणि तिसऱ्या शेऱ्याचं काय? इथे नोंदी अपुऱ्या पडतात, कारण शेराच मोघम आहे. कोड रिव्ह्यूची नोंद पाहिली तेव्हा त्याला दिसलं की ज्युनियर्सचा कोड त्याच्याकडे दोन-तीन दिवस पडून राहतो, आणि टीमनं ठरवलेली मर्यादा एक दिवसाची आहे. पण मॅनेजरच्या मनात तेच होतं की दुसरं काही, हे विचारल्याशिवाय कळणार नाही. गुरुवारच्या अर्ध्या तासाचा उपयोग इथे आहे. ती भेट बाजू मांडायला नाही, माहिती काढायला आहे, हे आधी स्वतःशी पक्कं करावं लागतं.

प्रश्न विचारतानाही सूर महत्त्वाचा ठरतो. “एक तरी उदाहरण दाखवा” हा प्रश्न नाही, आव्हान आहे. मॅनेजरला लगेच आठवलं नाही तर तो खजील होईल, आणि खजील झालेला माणूस दुप्पट ठाम होतो. त्याऐवजी टीम लीड असं विचारू शकतो: “ज्युनियर्सच्या बाबतीत तुम्हाला असं कुठल्या प्रसंगावरून वाटलं? मी रिव्ह्यूच्या नोंदी पाहिल्या, तिथे मला उशीर दिसतोय. तेच आहे की आणखी काही?” स्वतःला सापडलेली गोष्ट त्यानं आधी समोर ठेवली, त्यामुळे मॅनेजरला खिंड लढवायची गरज उरत नाही. मॅनेजर सांगतो की दोघांपैकी एक जण दोन वेळा दुसऱ्या टीमच्या लीडकडे अडचण घेऊन गेला होता आणि ते त्या लीडनं सहज बोलता बोलता सांगितलं. टीम लीडला याचा पत्ताच नव्हता. रिव्ह्यूच्या उशिरापेक्षा ही बातमी मोठी आहे. आपली माणसं आपल्याकडे यायला कचरतात, हे कुठल्याच नोंदीत सापडलं नसतं.

‘ओनरशिप’सारख्या शब्दासाठी एक प्रश्न हमखास कामाला येतो: “पुढच्या सहा महिन्यांत मी नेमकं काय केलेलं दिसलं, तर हा शेरा तुम्ही काढून टाकाल?” मागच्या गोष्टीवर वाद होऊ शकतो, पुढच्या गोष्टीवर सहसा होत नाही. मॅनेजर थोडा विचार करतो आणि म्हणतो, “अडथळा दिसला की त्यावरचा एखादा उपाय घेऊन माझ्याकडे ये. नुसतं अडलंय एवढं कळून मला काही करता येत नाही.” म्हणजे तिसरा शेरा वेगळा नव्हताच, तो पहिल्याचंच दुसरं टोक होता. एवढ्या मोठ्या शब्दाच्या आत इतकी छोटी, करता येण्याजोगी गोष्ट होती.

आता चौकट भरता येते. टीम लीडचा दुसरा मसुदा असा:

“गुरुवारी सविस्तर बोलायला वेळ दिलात, त्याचा उपयोग झाला. फेब्रुवारीच्या रिलीजबाबत: तारीख धोक्यात आहे हे मला 6 तारखेपर्यंत कळलं होतं, तरी 6 आणि 13 च्या रिपोर्टमध्ये मी स्थिती हिरवी दाखवली आणि तुम्हाला 18 ला कळवलं. त्यामुळे क्लायंटला आधी सांगण्याची संधी गेली. ही माझी चूक होती. नोंदीसाठी: दहा दिवसांच्या उशिरापैकी सहा दिवस टेस्टिंग एन्व्हायर्न्मेंटची वाट पाहण्यात आणि चार दिवस 9 फेब्रुवारीच्या बदलात गेले, तपशील सोबत जोडला आहे. यापुढे तारखेला दोन दिवसांहून अधिक धक्का बसेल असं दिसताच मी त्याच दिवशी, एका सुचवलेल्या उपायासह, तुम्हाला मेल करीन. कोड रिव्ह्यू एका कामाच्या दिवसात पूर्ण करीन आणि दोन्ही ज्युनियर्सशी दर आठवड्याला अर्धा तास स्वतंत्र बोलेन. सहा आठवड्यांनी आपण याचा आढावा घ्यावा अशी विनंती. रेटिंगबाबत माझं मत वेगळं आहे. ते आपल्या पुढच्या भेटीत मांडेन.”

दोन मसुद्यांतला फरक नम्रतेचा नाही. दुसऱ्यात ‘क्षमस्व’ नाही, ‘कृपया’ नाही, आणि मतभेदसुद्धा कायम आहे. फरक आधी क्रमाचा आहे. मान्य असलेली गोष्ट प्रथम, तारखेसह आणि तिच्या परिणामासह आली; खुलासा तिच्यानंतर, वेगळ्या वाक्यात आला. हेच उलटं केलं असतं, म्हणजे ‘एन्व्हायर्न्मेंट उशिरा मिळालं, त्यामुळे कळवायला उशीर झाला’ असं लिहिलं असतं, तर ती पुन्हा सबब झाली असती. ‘मी कळवायला हवं होतं, पण...’ यातला ‘पण’ही तितकाच घातक, तो आधीची कबुली पुसून टाकतो. म्हणून खुलाशापुढे ‘नोंदीसाठी’ हा कोरडा शब्द आहे. त्यातून सहानुभूती मागितली जात नाही, फाईल पूर्ण केली जाते.

दुसरा फरक कर्त्याचा. पहिल्या मसुद्यातल्या वाक्यांचे कर्ते पाहिले तर क्लायंट, टेस्टिंग टीम, इतर लीड्स अशी गर्दी दिसते. जिथे ‘मी’ आहे, तिथे तो कष्ट करतो किंवा धमकी देतो. दुसऱ्यात ‘मी’ चुकलेलाही आहे आणि काही करणाराही आहे. आपला मसुदा अजून बचावाचा आहे का, हे ओळखायची ही सोपी खूण आहे: इतरांनी काय केलं, हे सांगणारी वाक्यं मोजावीत. आणखी एक खात्रीची चाचणी म्हणजे मूळ शेरा न दाखवता आपलं उत्तर एखाद्या मित्राला वाचायला द्यावं आणि विचारावं, “मॅनेजरनं काय म्हटलं असेल?” त्याला ते बरोबर सांगता आलं, तर उत्तर मुद्द्याला धरून आहे. “तुझ्यावर फार अन्याय झालेला दिसतो” असं तो म्हणाला, तर पुन्हा बसावं लागेल.

दुसऱ्या टोकालाही लोक जातात. बैठकीतल्या दडपणानं किंवा नोकरीच्या काळजीनं ‘माझं सगळंच चुकलं, यापुढे असं कधीही होणार नाही’ असं लिहून मोकळे होतात. हे स्वीकारणं नाही, सुटका करून घेणं आहे. त्यातून मॅनेजरला काही कळत नाही, आणि ‘कधीही’ हा शब्द पहिल्याच अडचणीला मोडतो. शिवाय न केलेली चूकही लेखी कबूल होऊन बसते. टीम लीडनं उशिराचा दोष स्वतःवर घेतला नाही, ते योग्यच केलं. कबूल तेवढंच करावं, जेवढं नोंदीत दिसलं.

मॅनेजरचं रेटिंग म्हणजे तराजूचा काटा नव्हे, हेही विसरून चालत नाही. स्टीव्हन स्कलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली सुमारे साडेचार हजार व्यवस्थापकांना मिळालेल्या रेटिंगचा अभ्यास प्रसिद्ध केला. रेटिंगमधल्या फरकांपैकी निम्म्याहून अधिक भाग, रेटिंग देणारा माणूस कसा मोजतो यातून आलेला त्यांना दिसला. म्हणून शेरा ऐकताना ‘हे माझ्याबद्दलचं अंतिम सत्य’ असं मानायचं कारण नाही. या माणसाला, या खुर्चीतून, काय दिसलं एवढं ते आहे. अशा रीतीनं ऐकलं तर ऐकणं सोपंही जातं, आणि मतभेद ठेवायला जागाही राहते.

आणि काही शेरे असे असतात, ज्यांच्यापुढे हा सगळा सूर लावूच नये. बाळंतपणाच्या रजेचे महिने ‘उपलब्धता कमी’ म्हणून मोजले गेले असतील, तक्रार केल्याचा राग रेटिंगमधून काढला असेल, किंवा घडलेलीच नाही अशी घटना लिहिली असेल, तर तिथे ‘मी काय शिकलो’ असं लिहिणं स्वतःचं नुकसान करणं आहे. तिथे तारखा आणि कागद जोडून स्पष्ट हरकत घ्यावी, आणि ती मॅनेजरपुरती न ठेवता एचआरकडेही द्यावी. कामगिरी सुधारण्याची लेखी योजना, म्हणजे ज्याला सगळे ‘पीआयपी’ म्हणतात, ती हातात पडली तरीही सावध राहावं. तिच्यातलं प्रत्येक उद्दिष्ट मोजता येण्याजोगं लिहून मागावं आणि कबुलीचा शब्द उच्चारण्याआधी जाणत्या माणसाचा सल्ला घ्यावा.

सरकारी नोकरीत तर या चौकटीला कायद्याचंच वजन आहे. सीमा रस्ते संघटनेच्या अभियांत्रिकी सेवेतले एक कार्यकारी अभियंता, देव दत्त, यांना 1993-94 च्या गोपनीय अहवालात ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. ऐकायला त्यात वाईट काही नाही. पण बढतीसाठी सलग पाच वर्षं ‘अतिशय चांगला’ लागत होता, आणि या एका शब्दामुळे त्यांची बढती हुकली. तो शेरा त्यांना कळवलाही गेला नव्हता. 2008 साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला: चांगली असो वा वाईट, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, म्हणजे त्याला तिच्याविरुद्ध दाद मागता येईल. त्यानंतर 2009 साली केंद्र सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांना पूर्ण अहवाल दाखवण्याची आणि त्यावर पंधरा दिवसांत निवेदन देण्याची पद्धत घालून दिली.

या निवेदनाचा हेतू वेगळा असतो. ते वरच्या अधिकाऱ्याला शेरा बदलायला सांगतं, त्यामुळे त्यात सुधारणेचं आश्वासन देण्यापेक्षा कुठली नोंद कुठल्या कागदानं खोटी ठरते, हे सांगावं लागतं. तरीही वाक्यावाक्याला ‘हे कुठल्या शेऱ्याचं उत्तर?’ हा प्रश्न तिथेही तसाच लागू पडतो. पूर्वग्रह, आकस, अन्याय या शब्दांनी पानं भरली आणि नोंदणीचा क्रमांक एकही नाही, अशा निवेदनातून वाचणाऱ्या अधिकाऱ्याला बदल करायला काही आधारच मिळत नाही.

हिंजवडीच्या उदाहरणात एक गोष्ट अजून बाकी आहे, आणि अनेकांचं चांगलं उत्तर नेमकं तिथे वाया जातं. चौकट भरून झाली की सगळे विसरतात. मॅनेजरच्या डोक्यात मात्र जुनंच चित्र राहतं; वर्षभरात बदललेलं वागणं त्याला दिसेलच असं नाही, कारण वेळेत कळवलेली अडचण गाजावाजा न करता मिटून जाते. म्हणून सहा आठवड्यांनी टीम लीडनं स्वतःच मेल करावा, चार ओळींचा: मागच्या रिलीजमध्ये दोन अडथळे आले, दोन्ही त्याच दिवशी कळवले, त्यातल्या एकाला सुचवलेला उपाय चालला, रिव्ह्यू बहुतेक एका दिवसात झाले, तीन मात्र लांबले आणि त्याचं कारण अमुक, ज्युनियर्सशी सहापैकी पाच आठवडे बोलणं झालं. लांबलेले तीन रिव्ह्यू लपवू नयेत, त्यांच्यामुळेच बाकीचे आकडे विश्वासार्ह वाटतात. शेवटी एकच प्रश्न: “तुमच्या बाजूनं फरक जाणवतोय का?” तो मेल आणि त्याला आलेलं उत्तर एका फोल्डरमध्ये ठेवून द्यावं. पुढच्या वर्षीचं सेल्फ-अप्रेझल लिहायला बसताना पहिली नोंद तीच असेल, आणि राहिलेला रेटिंगचा मुद्दा काढायलाही तोच कागद हाताशी येईल.